ऑटोमेशनच्या प्रदर्शनातून नोकरीपर्यंत: ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांसाठी

इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा वा डिग्री हातात आहे, राहायला ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली किंवा वाशीला आहात, आणि ऑटोमेशनच्या क्षेत्रात शिरायचंय किंवा एका कामातून दुसऱ्या कामात जायचंय, अशांसाठी हे लिहितोय.

रबाळे, महापे, तुर्भे आणि इकडे वागळे इस्टेटमध्ये पॅनेल बनवणाऱ्या, पीएलसी-स्काडाची कामं घेणाऱ्या लहान-मध्यम कंपन्या भरपूर आहेत. पण नोकरीच्या साइटवर त्यांची जाहिरात क्वचितच दिसते. वीस-पंचवीस माणसांच्या कंपनीत वेगळा एचआर विभाग नसतो. माणूस लागला की मालक आपल्या इंजिनिअरला विचारतो, "कोणी आहे का रे ओळखीत?" मग ज्याच्या घरात या धंद्यात कोणीच नाही, त्याने ही ओळख आणायची कुठून? माझ्या अनुभवात दोन जागा उपयोगी पडल्या. पहिली म्हणजे दरवर्षी साधारण ऑगस्टमध्ये गोरेगावला भरणारं ऑटोमेशन एक्स्पो. दुसरी म्हणजे आपल्या क्षेत्राच्या व्यावसायिक संस्थांच्या संध्याकाळच्या सभा. मी स्वतः याच वाटेने आलो. पुढे कंपनीच्या स्टॉलवर उभं राहायचं कामही माझ्याकडे आलं, त्यामुळे आलेल्या मुलांपैकी कोणाला परत फोन जातो आणि कोणाचा बायोडेटा पिशवीत तसाच राहतो, हे पलीकडच्या बाजूनेही पाहिलंय.

१. कोणत्या प्रकारच्या कंपनीत जायचंय, ते आधी ठरवा

प्रदर्शनात शेकडो स्टॉल असतात. सगळ्यांना एकच प्रश्न विचारत फिरलात, तर संध्याकाळी पाय दुखतील आणि हाती माहितीपत्रकं उरतील. या क्षेत्रात मुख्यतः चार प्रकारच्या कंपन्या असतात आणि प्रत्येकीची माणसं घेण्याची पद्धत वेगळी.

उपकरणं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे स्टॉल दारातच, भव्य असतात. त्यांची भरती ठरलेल्या वाटेने होते आणि स्टॉलवरच्या माणसाच्या हातात ती नसते. पण त्याच्याकडे दुसरी मोलाची गोष्ट असते, त्याबद्दल पुढे सांगतो. दुसरे वितरक, म्हणजे या उपकरणांची विक्री आणि सर्व्हिस करणारे. त्यांना विक्री आणि सर्व्हिस इंजिनिअर लागतात. तिसरे सिस्टीम इंटिग्रेटर आणि पॅनेलवाले. हे उपकरणं विकत घेतात, पॅनेल बांधतात, प्रोग्रॅम लिहितात, कारखान्यात जाऊन सगळं चालू करून देतात. नवख्या किंवा दोन-तीन वर्षं अनुभव असलेल्या माणसाला घेण्याची शक्यता सगळ्यात जास्त इथे असते. चौथे म्हणजे ज्यांच्याकडे ही यंत्रणा चालते ते कारखाने: रसायन, औषध, अन्न, रंग. हे बहुधा स्टॉल लावत नाहीत. त्यांचे देखभाल विभागाचे प्रमुख तुमच्यासारखेच गळ्यात बॅज अडकवून फिरत असतात. त्यांना गाठायचं तर चर्चासत्रात किंवा संस्थेच्या सभेत.

या लेखात मी तिसऱ्या प्रकाराला, सिस्टीम इंटिग्रेटरला, धरून चाललोय. वाट तीच ठेवून बाकीचे प्रकार तुम्हाला जमवता येतील.

२. प्रदर्शकांच्या यादीतून तुमची यादी काढा

प्रदर्शनाच्या काही आठवडे आधी आयोजकांच्या वेबसाइटवर प्रदर्शकांची यादी आणि हॉलचा आराखडा येतो. एका संध्याकाळी ही यादी घेऊन बसा. सिस्टीम इंटिग्रेशन, कंट्रोल पॅनेल, पीएलसी-स्काडा सोल्युशन्स असे शब्द ज्यांच्या वर्णनात आहेत ते वेगळे काढा. मग प्रत्येकाच्या वेबसाइटवर कारखान्याचा पत्ता बघा. टीटीसी औद्योगिक क्षेत्रातल्या प्लॉटच्या क्रमांकावरून जागेचा अंदाज येतो: 'आर'ने सुरू होणारे प्लॉट रबाळ्याचे, 'ए'चे महापे बाजूचे, 'ईएल'चे महाप्याच्या इलेक्ट्रॉनिक झोनमधले. वागळे इस्टेटच्या पत्त्यात रोड नंबर असतो. घरापासून रोज जाता येईल अशा कंपन्यांवर खूण करा.

पंधरा-वीस नावं पुरे. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: ते कोणत्या उद्योगाची कामं करतात, कोणत्या बनावटीचे पीएलसी किंवा डीसीएस वापरतात, आणि अलीकडे केलेलं एखादं काम. हे बहुतेकांच्या वेबसाइटवर असतं. "तुम्ही काय करता?" असं विचारणारे स्टॉलवर दिवसभर येत असतात. "तुम्ही औषध कंपन्यांची पाण्याची यंत्रणा करता ना?" असं विचारणारा लक्षात राहतो.

यादी हॉलनुसार लावा. मोठ्यांचे स्टॉल पुढे आणि तुमच्या कामाच्या लहान कंपन्या बहुतेक मागच्या रांगांत, दोन-तीन मीटरच्या जागेत असतात. स्टॉल लहान असल्याचा एक फायदा आहे, तिथे बरेचदा मालक स्वतः उभा असतो.

३. नोंदणी करताना घ्यायची काळजी

अशा प्रदर्शनांना अभ्यागत म्हणून नोंदणी आधीच ऑनलाइन करता येते आणि ती बहुतेक वेळा मोफत असते. दारावर रांग लावून नोंदणी करण्यात सकाळचा चांगला तास जातो. विद्यार्थ्यांसाठी वेगळे नियम किंवा ठराविक दिवस असू शकतात, ते त्या वर्षीच्या सूचनांत वाचून घ्या.

नोंदणीत भरलेली माहिती बॅजवरच्या क्यूआर कोडमध्ये जाते, ही गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. स्टॉलवरचा माणूस तो कोड स्कॅन करतो आणि रात्री त्यांच्या यादीत तुमचं नाव, फोन, ईमेल, हुद्दा तसाच दिसतो. म्हणून ईमेल साधा, स्वतःच्या नावाचा ठेवा. हुद्द्याच्या जागी फक्त 'इंजिनिअर' न लिहिता 'इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, देखभाल आणि लूप चेकिंग' असं लिहा. सध्या नोकरी नसेल तर कंपनीच्या जागी शिक्षणसंस्थेचं नाव किंवा 'स्वतंत्र' लिहा. कुठल्यातरी ओळखीच्या कंपनीचं नाव टाकू नका. हे क्षेत्र लहान आहे, त्या कंपनीचा माणूस पुढच्याच स्टॉलवर असू शकतो.

४. सोबत काय न्यायचं

- एका पानाचा बायोडेटा, दहा-पंधरा प्रती. दोन पानी कोणी उलटत नाही.
- स्वतःचं साधं व्हिजिटिंग कार्ड: नाव, फोन, ईमेल आणि कामाची एक ओळ. नोकरी नसली तरी छापून घ्या.
- तुम्ही केलेल्या एका कामाचं एक पान, म्हणजे हाताने काढलेली आकृती आणि खाली चार ओळी. हे पान बायोडेट्यापेक्षा जास्त काम करतं.
- खिशातली वही आणि पेन.
- चालायला सोपे बूट आणि हलकी पिशवी.

मूळ प्रमाणपत्रं घरीच ठेवा. तिथे कोणाला त्यांची गरज नसते.

कामाच्या पानाबद्दल एक कडक सूचना. सध्याच्या कारखान्याचं ड्रॉइंग, स्क्रीनचे फोटो, उत्पादनाचं नाव यातलं काहीही त्यावर येता कामा नये. समोरचा माणूस अनुभवी असेल तर तो मनात म्हणेल, हा उद्या माझ्या ग्राहकाचं ड्रॉइंगसुद्धा असंच दाखवत फिरेल. अडचण सांगा, जागा सांगू नका.

५. कधी जायचं, कसं जायचं

ठाण्याहून गोरेगावच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरला जायची माझी आवडती वाट म्हणजे लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशनवरून पादचारी पुलाने गुंदवली, आणि तिथून दुसऱ्या मेट्रोने गोरेगाव पूर्व. पावसात रस्त्याने जाण्यापेक्षा ही भरवशाची. वाशीला स्टेशनजवळच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये काही भरलं तर चालतच जाता येतं. तिथली प्रदर्शनं लहान असतात आणि बोलायला जास्त वेळ मिळतो, त्यामुळे तिथलं वेळापत्रकही पाहत जा. रसायन उद्योगात जायचं असेल तर दोन वर्षांतून एकदा भरणारं केमटेक यादीत ठेवा.

दोन दिवस मोकळे ठेवा. पहिल्या दिवशी दार उघडल्यावरचा तास सगळ्यात चांगला, कारण स्टॉलवरची माणसं ताजी असतात आणि गर्दी नसते. दुपारी बारा ते तीन त्यांचे मोठे ग्राहक येतात, तेव्हा मध्ये शिरू नका. तो वेळ चर्चासत्रांना द्या. शेवटच्या दिवशी दुपारनंतर गर्दी ओसरते, विक्रीचं दडपण गेलेलं असतं, तेव्हा मालक मोकळेपणाने बोलतात. मित्रांचा घोळका घेऊन जाऊ नका. गेलात तर आत शिरल्यावर वेगळे व्हा.

६. स्टॉलवर काय बोलायचं

मी जवळून पाहिलेलं एक उदाहरण सविस्तर सांगतो. ऐरोलीत राहणारी एक मुलगी. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा, मग तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्यात कंत्राटदारामार्फत दोन वर्षं. ट्रान्समीटरचं कॅलिब्रेशन, कंट्रोल व्हॉल्व्हची देखभाल, शटडाउनमध्ये लूप चेकिंग अशी कामं. तिला प्रोजेक्टच्या, कमिशनिंगच्या कामात जायचं होतं.

तिच्या पानावर एक टाकी होती. टाकीत स्टिरर आणि वर नॉन-कॉन्टॅक्ट रडारचा लेव्हल ट्रान्समीटर. अधूनमधून टाकीत येणारं फीड आपोआप बंद पडायचं आणि सगळे पंपाला दोष द्यायचे. तिने ट्रेंड उघडून पाहिला. लेव्हल हळूहळू न चढता एका क्षणात थेट वरच्या टोकाला जात होती. खरी पातळी अशी उडी मारू शकत नाही. ट्रान्समीटरचं मोजमाप ४ ते २० मिलिअँपिअरमध्ये येतं आणि बिघाड झाला की तो मुद्दाम त्या पट्ट्याबाहेर जातो: नामूरच्या एनई ४३ या शिफारशीनुसार ३.६ किंवा त्याहून खाली, नाहीतर २१ किंवा त्याहून वर. इथे तो वर जायला सेट केलेला होता. टाकीत दाट फेस आला की रडारचा एको हरवायचा, ट्रान्समीटर बिघाडाचा संकेत द्यायचा, आणि यंत्रणा त्याला 'टाकी भरली' समजून फीड थांबवायची. म्हणजे पंप ठणठणीत होता.

हे पान घेऊन ती आधी रडार बनवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या स्टॉलवर गेली, सकाळी लवकर. नोकरीबद्दल चकार शब्द काढला नाही. तिने विचारलं, "टाकीत स्टिरर आहे, त्यामुळे गाइडेड वेव्हची प्रोब सोडता येत नाही. ८० गिगाहर्ट्झचा रडार दाट फेसात एको हरवतो. अशा ठिकाणी तुमचे ग्राहक काय लावतात?"

सेल्स इंजिनिअरला दिवसभर "कॅटलॉग मिळेल का?" ऐकावं लागतं. असा प्रश्न आला की तो खुर्ची पुढे करतो. त्याने सांगितलं की कमी वारंवारतेचा रडार फेसातून काहीसा बरा जातो, पण त्याचा झोत रुंद असल्यामुळे स्टिररचं पातं मध्ये येऊ शकतं. फेस कायमचाच असेल तर डायफ्रॅम सील लावलेला डिफरन्शियल प्रेशर ट्रान्समीटर बघा, मात्र घनता बदलली की त्यात चूक येते. तिने हे वहीत लिहून घेतलं. मग तिने तो प्रश्न विचारला ज्यासाठी मोठ्या स्टॉलवर जायचं असतं: "नवी मुंबईत तुमची उपकरणं बसवून चालू करून देणाऱ्या चांगल्या कंपन्या कोणत्या?"

मघाशी मोलाची म्हटलेली गोष्ट ती हीच. बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला कोण चांगलं काम करतं, कोणाकडे कामं आली आहेत, हे पक्कं ठाऊक असतं. त्याने दोन नावं सांगितली. त्यातल्या एकीचा स्टॉल मागच्या हॉलमध्ये होता आणि ती कंपनी तिच्या यादीतही होती.

तिथे ती साडेतीननंतर गेली. सुरुवात केली ती सकाळच्या बोलण्याने: "रडारच्या स्टॉलवर तुमचं नाव सुचवलं." मालकाने पान पाहिलं, दोन प्रश्न विचारले, मग म्हणाला, "लूप चेकिंग केलंय म्हणता, कसं करता ते सांगा."

तिने क्रमाने सांगितलं. एक माणूस फील्डमध्ये कम्युनिकेटर घेऊन, दुसरा कंट्रोल रूममध्ये. आधी टॅग आणि वायरिंग ड्रॉइंगशी ताडायचं. मग ४, ८, १२, १६, २० मिलिअँपिअर सोडून स्क्रीनवरचा आकडा प्रत्येक वेळी लिहायचा. नंतर अलार्म आणि बिघाडाचा संकेत मुद्दाम देऊन बघायचा. शेवटी दोघांच्या सह्या लूप फोल्डरवर. बिघाडाचा संकेत देऊन बघायचा, हे वाक्य तिच्या टाकीच्या अनुभवातून आलं होतं आणि मालकाने तिथेच मान हलवली.

आता पुढचा प्रश्न. बहुतेक जण इथे विचारतात, "सर, तुमच्याकडे व्हेकन्सी आहे का?" याचं उत्तर "सीव्ही पाठवून ठेवा" असंच येतं, कारण स्टॉलवर उभं राहून कोणी भरती करत नाही. तिने विचारलं, "सध्या कुठल्या पॅनेलचं काम चालू आहे? एफएटी कधी आहे?"

एफएटी म्हणजे पॅनेल कारखान्यातून निघण्याआधी ग्राहकासमोर होणारी पूर्ण चाचणी. प्रत्येक इनपुटला खोटा संकेत द्यायचा, प्रत्येक आउटपुट खरंच बदलतं का ते पाहायचं, सगळं कागदावर उतरवायचं. चार-पाचशे पॉइंट असले तर त्या आठवड्यात लहान कंपनीत हात कमी पडतात. एफएटी संपली की पॅनेल साइटवर जातं आणि त्यासोबत दोन-तीन माणसं काही आठवडे तिकडे अडकतात. म्हणजे माणसाची गरज एफएटीच्या सुमारास आणि त्यानंतरच्या कमिशनिंगला लागते. ही तारीख कळली तर कधी फोन करायचा हे कळतं.

मालक म्हणाला, पुढच्या महिन्यात रबाळ्याला एका पॅनेलची एफएटी आहे आणि त्यानंतर दहेजला साइट. ती म्हणाली, "त्या आठवड्यात मी दोन दिवस रजा काढून मदतीला येऊ शकते. दहेजला जायचीही तयारी आहे." एवढं बोलून, कार्ड आणि बायोडेटा देऊन ती निघाली. पाच-सात मिनिटांत संपलं. मागे कोणी ग्राहक थांबला असेल तर वाक्य अर्धवट सोडूनही बाजूला व्हावं, तुमचं हे भान मालक टिपत असतो.

स्टॉलवरून दोन पावलं बाजूला गेल्यावर लगेच वहीत लिहा: कोण भेटलं, काय बोललं, पुढे काय करायचं. पाचव्या स्टॉलनंतर चेहरे एकमेकांत मिसळतात.

७. चर्चासत्रात बसा, पण प्रश्न तयार ठेवून

मोठ्या परिषदांचं शुल्क नवख्याला परवडणारं नसतं आणि मी ते भरायचा सल्ला देणार नाही. प्रदर्शनाच्या आवारात होणारी मोफत तांत्रिक सत्रं पुरेशी आहेत. वक्त्यांची नावं आणि विषय आधी जाहीर होतात. त्यातले कारखान्यांकडून आलेले वक्ते निवडा: देखभाल प्रमुख, प्रोजेक्ट मॅनेजर. उपकरण विकणाऱ्याचं भाषण माहितीपत्रकातही वाचता येतं.

प्रश्नोत्तरात उभं राहिलात तर एका वाक्यात नाव आणि काम सांगा आणि एकच प्रश्न विचारा. तुमचं नाव तेवढ्यात सगळ्या सभागृहाला कळतं. नंतर चहाच्या टेबलावर कोणीतरी स्वतःहून बोलायला येतं. ते आलं नाही, तर तुम्ही वक्त्याकडे जा आणि त्याच्याच भाषणातला मुद्दा पुढे न्या. बायोडेटा इथे बाहेर काढू नका. कार्ड पुरे.

८. संस्था: कुठली माणसांची, कुठली कंपन्यांची

प्रदर्शन वर्षातून एकदा येतं. मधले महिने संस्थांचे.

इथे नवख्यांचा एक गोंधळ होतो. काही संस्था व्यक्तींच्या असतात, काही कंपन्यांच्या. आपल्या क्षेत्रात व्यक्तींची मुख्य संस्था म्हणजे आयएसए, इंटरनॅशनल सोसायटी ऑफ ऑटोमेशन. १९४५ साली अमेरिकेत सुरू झालेली. पी अँड आयडीवर आपण एलटी, एफटी, पीटी ही जी अक्षरं वाचतो, त्यांचं आयएसए ५.१ हे मानक याच संस्थेचं. तिचा महाराष्ट्र विभाग आहे. विद्यार्थ्यांसाठी सभासदत्व बरंच स्वस्त असतं, म्हणून शेवटच्या वर्षात असाल तर तेव्हाच घ्या.

दुसऱ्या बाजूला रबाळ्याची ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि वागळे इस्टेटमधली ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन, म्हणजे टिसा. या कारखानदारांच्या संस्था. तुम्ही नोकरदार म्हणून तिथे सभासद होण्याचा प्रश्नच नाही, पण सुरक्षा, ऊर्जाबचत, विजेची गुणवत्ता अशा विषयांवर त्यांचे कार्यक्रम होतात आणि काहींत बाहेरच्यांनाही नाव नोंदवून बसता येतं. कार्यालयात फोन करून विचारा. तिथे खुर्च्यांवर कारखान्यांचे मालक आणि देखभालवाले असतात, म्हणजे वर सांगितलेला चौथा प्रकार.

सभासदत्व घेऊन घरी बसलात तर पैसे वाया. सभांना जा, आणि दोन-तीन सभांनंतर काम मागा. नोंदणीच्या टेबलावर बसायचं काम सगळ्यांत चांगलं. तिथे येणारा प्रत्येक माणूस तुम्हाला स्वतःचं नाव आणि कंपनी सांगतो, तुम्ही त्याला बॅज देता. ज्येष्ठ मंडळी नेमाने येणाऱ्या पोराला नावाने ओळखायला लागतात. "कोणी आहे का रे ओळखीत?" हा प्रश्न यांनाच विचारला जातो. त्यांच्याकडे पहिल्याच भेटीत नोकरी मागू नका. "मी कमिशनिंगमध्ये जायचा प्रयत्न करतोय, त्यासाठी काय शिकू?" असं विचारा. दिलेला सल्ला पाळून पुढच्या सभेत त्यांना सांगा.

९. प्रदर्शनानंतरचे पंधरा दिवस

बरेच जण इथे गळतात. प्रदर्शन संपल्यावर स्टॉलवाल्यांपुढे कार्डांचा ढीग असतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर तुम्ही त्यात बुडता. म्हणून दोन दिवसांत निरोप पाठवा. त्या मुलीने पाठवलेला निरोप जवळपास असा होता:

"नमस्कार सर. शुक्रवारी तुमच्या स्टॉलवर फेसाच्या टाकीतल्या लेव्हलबद्दल बोललो होतो. रडार कंपनीने सांगितलेले दोन पर्याय आणि त्यांच्या मर्यादा एका पानावर लिहून सोबत पाठवतेय. रबाळ्याच्या एफएटीसाठी मदत लागली तर त्या आठवड्यात दोन दिवस येऊ शकते. बायोडेटा जोडला आहे."

या निरोपात कुठे भेटलो ते आहे, उपयोगाचं काहीतरी आहे आणि पुढचं ठोस पाऊल आहे. मालक मराठी असेल तर मराठीत लिहा, नसेल तर साध्या इंग्रजीत. मोठ्या कंपनीच्या ज्या माणसाने नाव सुचवलं त्यालाही आभाराच्या दोन ओळी पाठवा. तो उद्या त्या मालकाशी बोलणारच आहे.

उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एक फोन, जेवणाच्या सुट्टीनंतर. मग एफएटीच्या तारखेच्या आठवडाभर आधी आणखी एक. त्यापुढे रेटू नका. तीन वेळा शांतता म्हणजे आत्ता गरज नाही. ते नाव पुढच्या वर्षीच्या यादीत ठेवा. न सांगता थेट रबाळ्याच्या गेटवर जाऊन उभं राहण्याचा उपयोग होत नाही, सिक्युरिटीवाला आत सोडत नाही आणि मालकाला अवघडल्यासारखं होतं.

तिला दुसऱ्या फोननंतर बोलावणं आलं. दोन दिवस रोजाने एफएटीला. ड्रॉइंगवरच्या टॅगमधली एक गल्लत तिने ग्राहक यायच्या आधी पकडली. त्यानंतर साइटसाठी विचारणा झाली आणि तिने नोकरीचं पत्र हातात आल्यावरच जुन्या कंत्राटदाराकडे राजीनामा दिला. हा क्रम तुम्हीही मोडू नका.

१०. सापळे, आणि पत्र घेताना पाहायच्या गोष्टी

प्रदर्शनात प्रशिक्षण संस्थांचेही स्टॉल असतात. 'पीएलसी कोर्स, नोकरीच्या हमीसह' असा फलक दिसला की नीट विचारा: मागच्या तुकडीतली मुलं कोणत्या कंपन्यांत आहेत, त्यातल्या दोघांशी बोलता येईल का? नावं मिळत नसतील तर पुढे चला. शिकणं वाईट नाही, पण हमीचे पैसे भरू नका. मुलाखतीसाठी, नोंदणीसाठी, गणवेशासाठी आधी पैसे मागणारा कोणीही तुम्हाला नोकरी देत नसतो.

स्टॉलवर बायोडेटा टाकायला ठेवलेला डबा दिसला तर त्यात एक प्रत जरूर टाका, पण ती भेट झाली असं मानू नका. स्वागताला उभ्या असलेल्या मुली-मुलांना आयोजन कंपनीने चार दिवसांसाठी आणलेलं असतं. त्यांच्याकडे दिलेला कागद क्वचितच पोहोचतो. त्यांना नम्रपणे विचारा, "तुमच्यापैकी सर्व्हिसचं किंवा प्रोजेक्टचं कोण बघतं?"

लहान कंपनीकडून बोलावणं आलं की आनंदात काही गोष्टी विचारायच्या राहतात. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणार का, हे सरळ विचारा. हो म्हणाले तर छायांकित प्रती द्या आणि मूळ कागद देणार नाही असं शांतपणे सांगा. करारात बॉण्ड असेल तर मुदत आणि रक्कम वाचा. भविष्यनिर्वाह निधी पगाराच्या आकड्यात धरलाय की वेगळा, ते पाहा. आणि कमिशनिंगच्या नोकरीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साइट भत्ता: रोजचा किती, राहण्याचा खर्च कंपनी थेट देते की नंतर बिलावर, महिन्यात साधारण किती दिवस बाहेर, आणि साइटवर काम केलेल्या रविवारची बदली सुट्टी मिळते का. ही चार उत्तरं तोंडी मिळाली तरी त्याच संध्याकाळी ईमेलवर लिहून पाठवा आणि 'बरोबर आहे' एवढं उत्तर मागून घ्या.